ओळखीचे सगळे माझ्यासारखेच निघाले, यादी काढून बघितली. आता पुढे काय?

डिझेलवाला (रविवार, रात्री ११.४०)

लोकहो, जरा लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

वय ४१, चाकणला एका कंपनीत क्वालिटीला, सतरा वर्षं डिझेल इंजिनाचे पार्ट. २०२० ला बीएस-६ आलं, गाड्यांमधलं डिझेल कमी होत गेलं, हे आम्हाला कळत होतं पण आम्ही सगळे एकमेकांना हेच सांगायचो की ट्रक-ट्रॅक्टर आहेत तोवर काही होत नाही. मागच्या महिन्यात आमची एक लाइन बंद झाली. मी फोन फिरवायला सुरुवात केली. अकरा जणांना फोन केले आणि अकराच्या अकरा जणांकडून मला त्याच दोन जागांबद्दल कळलं. वर त्यातल्या सहा जणांनी तिथे स्वतःच अर्ज टाकलेला. म्हणजे मी ज्यांना विचारत होतो तेच रांगेत माझ्या पुढे उभे.

मग एका रात्री झोप येईना म्हणून वही काढली. गेल्या सहा महिन्यांत ज्यांच्याशी कामाचं किंवा घरचं काही महत्त्वाचं बोललो त्यांची नावं लिहिली. नुसते फॉरवर्ड पाठवणारे धरले नाहीत. २८ नावं झाली. पुढे क्षेत्र, वय, गाव असे रकाने केले.

२८ पैकी २३ ऑटोवाले. २२ जण ३६ ते ४६ वयाचे. २५ जण पुणे-पिंपरी चिंचवड. बायकोने वही बघितली आणि म्हणाली, "ही तुझ्या कॉलेजची हजेरी आहे का?"

इथे कुणी असं काही केलंय का? हे बदलायचं कसं? नेटवर्किंगच्या कार्यक्रमांना जावं का? खरं सांगायचं तर मला अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.

---

सुखी_संसार (सोमवार, सकाळी ७.०५)

दादा सावध राहा. माझ्या मेव्हण्याने असंच नेटवर्क वाढवायचं म्हणून साबण-पावडरचे डबे घरात भरून ठेवले, दीड लाख गेले. "तुमच्या खाली पाच माणसं जोडा" असं कुणी म्हणालं की चप्पल घालायची आणि निघायचं.

डिझेलवाला (सोमवार, सकाळी ७.३२)

अहो ताई, ते नेटवर्क मार्केटिंग, मी ओळखींबद्दल बोलतोय 🙂 पण सल्ला लक्षात ठेवतो.

---

तुफान_मेल (सोमवार, सकाळी ९.१५)

सोप्पंय भावा. जवळची माणसं नोकरीच्या कामाची नसतातच, हे सिद्ध झालेलं आहे. लिंक्डइनवर दिसेल त्याला रिक्वेस्ट टाक, माझे चार हजारावर कनेक्शन आहेत. जितकी लांबची ओळख तितका फायदा जास्त.

---

गोदाकाठ (सोमवार, दुपारी १.५०)

तुफान मेल, अर्धं बरोबर आहे तुमचं. मी बरीच वर्षं हाच विषय शिकवत होते म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुम्ही म्हणताय ते मार्क ग्रॅनोव्हेटर यांचं काम, १९७३ चा लेख. बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारलं की ज्याच्याकडून नोकरीचं कळलं तो माणूस त्या काळात कितीदा भेटायचा. आठवड्यातून दोनदा तरी भेटणारे साधारण सहात एक निघाले. निम्म्याहून जास्त लोक अधूनमधून भेटणारे होते, आणि उरलेले वर्षातून एखाद्या वेळी भेटणारे किंवा तेवढेही नाही. कारण साधं आहे. रोज भेटणाऱ्याला जे माहीत असतं ते बहुतेक वेळा तुम्हालाही माहीतच असतं. डिझेलवाल्यांच्या अकरा फोनचं तेच झालं.

पण यावरून "जितकं लांब तितकं चांगलं" हे निघत नाही. २०२२ मध्ये लिंक्डइनचा मोठा अभ्यास आला, पाच वर्षं, दोन कोटी माणसं, कुणाला कोणत्या ओळखी सुचवायच्या ते बदलून पाहिलेलं. त्यात सगळ्यात उपयोगी ठरल्या त्या मधल्या ओळखी, म्हणजे काही मित्र सामाईक आहेत पण रोजचं येणं-जाणं नाही अशा. त्याहून विरळ झाल्या की फायदा परत उतरायला लागतो. तुमच्या चार हजारांतले किती जण तुमचा फोन उचलतील, ते मोजा एकदा. आणि आणखी एक, ज्या उद्योगांत काम जास्त डिजिटल आहे तिथे विरळ ओळखी जास्त चालल्या, जिथे तसं नाही तिथे घट्ट ओळखींनी जास्त काम केलं. कारखान्यातल्या माणसाने हे ध्यानात ठेवायला हवं.

डिझेलवाले, तुमच्या वहीत एक रकाना राहिलाय, आणि माझ्या मते तोच मुख्य. प्रत्येक नावापुढे लिहा की ही ओळख करून कुणी दिली. तुम्ही स्वतःच जाऊन केलेली, म्हणजे एकाच वर्गात होतात, एकाच शॉपवर होतात, एकाच जिन्यात राहता, तर "मी" लिहा. ब्रायन उझी आणि शॅनन डनलॅप यांनी २००५ मध्ये ही पद्धत मांडली होती. त्यांचा ठोकताळा असा की १०० त ६५ च्या वर "मी" आलं तर समजावं की आपण आपल्यासारख्यांनाच गोळा केलंय. आपण आपणहून ओळख काढायला जातो ती बहुतेक वेळा आपल्याच छापाच्या माणसाशी. आकडा काही दगडावरची रेघ नाही, पण रकाना भरून बघाच.

दुसरं, कुठलीही दहा नावं घ्या. दहांच्या जोड्या ४५ होतात. किती जोड्या एकमेकांना ओळखतात, टिक करा.

---

डिझेलवाला (सोमवार, रात्री १०.५८)

मॅडम, केलं. २८ पैकी २० पुढे "मी". म्हणजे ७१ टक्के. आणि ४५ पैकी ३८ जोड्या एकमेकांना ओळखतात, म्हणजे मी उद्या मेलो तरी या लोकांचा ग्रुप तसाच चालू राहील, मला कुणी रिमूव्हही करायचं नाही 😄

पण गंमत पुढे आहे. उरलेल्या आठ जणांपैकी पाच ओळखी एकाच माणसाने करून दिल्यात! आमच्या सोसायटीतले काका, वय ६९, विमा एजंट होते आयुष्यभर. डेंटिस्ट त्यांच्यामुळे, वकील त्यांच्यामुळे, मुलीची गाण्याची बाई त्यांच्यामुळे, जुन्नरचा तो नर्सरीवाला पण त्यांच्यामुळेच. मी या माणसाला दहा वर्षं लिफ्टमध्ये "काय काका, बरंय ना" याच्या पलीकडे बोललेलो नाही.

गोदाकाठ (सोमवार, रात्री ११.२०)

असा माणूस वहीतून सापडतोच. वेगवेगळ्या घरांत ज्याचं कामानिमित्त जाणं असतं तो. विमा एजंट, वायरमन, देवळातले गुरुजी, जुन्या दवाखान्यातल्या सिस्टर. काकांना चहाला बोलवा. मात्र पहिल्या चहाला नोकरीचा विषय काढू नका.

---

अभ्यासिका_४१२ (मंगळवार, रात्री १२.४४)

वाचून राग आला म्हणून लिहितोय, माफ करा.

मी परभणीचा, सदाशिव पेठेत सहा वर्षं आहे, एमपीएससी करतोय. माझी यादी केली तर १०० टक्के एकसारखी निघेल. सगळे २५ ते ३०, सगळे अभ्यासिकेतले, सगळे गावाकडचे. पण त्याच पोरांनी मला खोलीत जागा दिली, मेसचे पैसे दोन महिने भरले, वडील आजारी होते तेव्हा रात्री गाडी करून दिली. तुम्ही लोक सहज बोलता विविधता आणा. ज्याच्याकडे चारच माणसं आहेत त्याने तीही सोडायची काय? शहरातल्या माणसाला काका लिफ्टमध्ये भेटतो, आम्हाला घरमालक भेटतो.

गोदाकाठ (मंगळवार, सकाळी ८.१०)

राग बरोबर आहे तुमचा. सोडा असं मी कुठेच म्हटलं नाही, पण ते आधीच स्पष्ट लिहायला हवं होतं, चूक माझी. अडचणीत जो धावून येतो तो बहुतेक आपल्यासारखाच असतो, त्याला पर्याय नाही. मी एवढंच विचारते, परीक्षा सोडून दुसरं काही करायचं ठरलं तर त्या खोलीत कुणाला त्यातलं काही माहीत आहे का?

अभ्यासिका_४१२ (मंगळवार, सकाळी ८.३१)

नाही. तो विषयच निघत नाही. काढला तर "हा हरला" असं होतं.

---

लालबागची_पोर (मंगळवार, दुपारी २.०५)

अभ्यासिका, तुझ्यासाठीच लिहितेय. आमच्या घरात हे दोन्ही बाजूंनी बघितलंय मी.

आजोबा गिरणीत. गिरणीत चिकटायचं तर गावच्या माणसाची, भावकीची ओळख लागायची, आधी बदली कामगार, मग कायम. माणूस माणसाला आत घ्यायचा आणि त्या ओळखीवर गावंच्या गावं मुंबईत पोसली गेली, त्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. मग १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, पण ओळखी तशाच राहिल्या. भावासाठी मामाने वर्कशॉपमध्ये शब्द टाकून ठेवलेला, त्यामुळे तो मराठी शाळेत आणि मग थेट तिकडे. माझ्यासाठी कुणी कुठे शब्द टाकणारच नव्हतं. पोरगी ना. म्हणून आईने मला हट्टाने इंग्रजी शाळेत घातलं. आज मी एका बँकेत आहे आणि भाऊ त्याच वर्कशॉपमध्ये, तेही आता अर्धा आठवडाच चालतं. भाऊ माझ्यापेक्षा हुशार होता हो.

गोदाकाठ (मंगळवार, दुपारी ३.४०)

लालबाग, तुमच्या घरात झालं तसंच दादरच्या शाळांचा अभ्यास करून कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी २००६ मध्ये मांडलंय. नव्वदीत बाजार उघडला, इंग्रजीला भाव आला. ज्या जातींतल्या पुरुषांचं जाळं कारखान्याच्या कामात घट्ट होतं त्यांची मुलं मराठी माध्यमातच राहत गेली आणि त्याच घरातल्या मुली भराभर इंग्रजीकडे वळल्या, कारण मुलींना धरून ठेवणारं असं जाळंच नव्हतं. ज्या दोरीने वर ओढलं तीच पुढे खुंटीला बांधून ठेवते. वाईट हेतू कुणाचाच नसतो त्यात, मामाने प्रेमानेच शब्द टाकला.

तुफान_मेल (मंगळवार, दुपारी ४.०२)

मराठी शाळांवर घसरू नका आता.

लालबागची_पोर (मंगळवार, दुपारी ४.११)

शाळेबद्दल नाहीये रे ते, परत वाच.

---

द्राक्षबाग (मंगळवार, रात्री ९.३०)

आमचं पण सांगतो. दिंडोरी तालुका. माझ्या फोनमध्ये सगळे द्राक्षवाले. भाव पडला की सगळ्यांचा एकदम पडतो आणि सगळे एकमेकांना विचारत बसतात काय करायचं. एका लग्नात तासगावकडचा बेदाण्याचा माणूस भेटला, शेडवाला. तो बोलला की उशिराच्या मालाची साखर चांगली असेल तर बेदाण्याला द्या, चार किलोला एक किलो बसतो अंदाजे. आम्हाला बेदाणा करतात हे माहीत होतं, पण कोणत्या आठवड्यात कुणाला फोन करायचा हे माहीत नव्हतं. त्या वर्षी दोन एकर तिकडे वळवला. फार कमाई नाही झाली पण फेकायची वेळ आली नाही. पुढच्या वर्षी मी गावात सगळ्यांना सांगितलं आणि सगळेच तिकडे गेले, तर शेड मिळेना 😅

---

ऱ्हाइनकाठची_मावशी (बुधवार, रात्री १.१५)

डिझेलवाल्यांनी नेटवर्किंग कार्यक्रमांचं विचारलंय त्यावर कुणी बोललंच नाही. मी जर्मनीत नऊ वर्षं. इकडे आल्यावर मंडळाचा गणपती, मंडळाची दिवाळी, सगळे आयटीवाले नाहीतर आयटीवाल्यांच्या बायका, मीही त्यातलीच. मग नवऱ्याने बळंच अशा मिक्सर कार्यक्रमांना नेलं. हातात ग्लास, गळ्यात नाव, आणि मी दोन तास शेवटी नागपूरच्याच एका मुलीशी बोलले.

गोदाकाठ (बुधवार, सकाळी ७.५५)

मावशी, तुम्ही एकट्या नाही. कोलंबिया विद्यापीठात इन्ग्रॅम आणि मॉरिस यांनी अशाच एका पार्टीत लोकांना इलेक्ट्रॉनिक बिल्ले लावून कोण कुणाशी किती बोलतो ते मोजलं होतं. आधी विचारलं तेव्हा लोक म्हणाले नव्या माणसांना भेटायला आलोय. प्रत्यक्षात वेळ गेला तो आधीच्याच ओळखीच्यांत. सगळ्यात नवीन माणसांशी बोलला तो बारमागे उभा असलेला माणूस, कारण त्याला काम होतं.

उत्तर त्यातच आहे. नुसतं भेटायला जाऊ नका, जिथे हाताला काम आहे आणि ते काम एकट्याला होत नाही अशा ठिकाणी जा. तिथे वय आणि धंदा कुणी विचारत नाही, घमेलं पुढे सरकलं की झालं.

ऱ्हाइनकाठची_मावशी (बुधवार, दुपारी १२.२०)

खरंय. माझी पहिली जर्मन मैत्रीण ७२ वर्षांची आहे, गावच्या बागेच्या वाफ्यांच्या संघात भेटली, पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं तिथून सुरुवात.

---

डिझेलवाला (चार महिन्यांनंतर, शनिवार, रात्री १०.१०)

धागा वर काढतोय. काय काय झालं ते सांगतो, सगळं चांगलं नाहीये.

पहिली चूक. पहिल्याच भेटीत नोकरीचा विषय काढू नका असं गोदाकाठ मॅडमनी काकांबद्दल सांगितलेलं असूनही मी जुन्या ओळखीतल्या तिघांना थेट बायोडेटा पाठवला. आठ-दहा वर्षं संपर्क नाही आणि एकदम पीडीएफ. दोघांनी अंगठा दिला, एकाने तोही नाही. मग चौथ्या वेळी पद्धत बदलली. माझ्या पहिल्या नोकरीतला एक जण मेडिकल डिव्हाइसमध्ये गेलाय एवढं माहीत होतं. त्याला लिहिलं, "तुमच्याकडे लीक टेस्ट कशी करता, आमच्याकडे प्रेशर डिके वापरतो, दहा मिनिटं बोलता येईल का." दहा मिनिटांचे पन्नास झाले. त्याच्याकडून कळलं की हात तेच आहेत, कागद वेगळे. आम्ही गाड्यांच्या पार्टांच्या क्वालिटीचे नियम, म्हणजे आयएटीएफ १६९४९ आणि पीपॅप, यातच जन्म काढला, त्यांच्याकडे मेडिकलचे नियम, आयएसओ १३४८५ आणि प्रोसेस व्हॅलिडेशन, आयक्यू ओक्यू पीक्यू. मोजमाप किती भरवशाचं ते तपासायचं गेज आर अँड आर दोन्हीकडे सारखंच. आणि तो जाता जाता बोलला की बॅटरी पॅकवाल्यांनाही लीक टेस्टची माणसं लागतात, पाणी आत जायला नको ना. सतरा वर्षं मी स्वतःला डिझेलवाला समजत होतो, या बाबाने मला गळती शोधणारा माणूस म्हणून बघितलं. आमच्या २८ जणांत हे कुणी म्हणालंच नसतं, कारण आम्ही सगळेच डिझेलवाले.

दुसरं, काकांना चहाला बोलावलं. अडीच तास बसले. नोकरीचा विषय मी काढला नाही, त्यांनीच काढला. त्यांच्या ओळखीतून साताऱ्याच्या एका छोट्या कारखानदाराचा नंबर मिळाला, स्प्रेपंप बनवतो, माल परत येत होता. दोन शनिवार जाऊन आलो. सीलची खाच मापात नव्हती, गेज झिजलेला. थोडे पैसे दिले त्याने, आणि एक पोतं घेवडा.

तिसरं, किल्ल्यावर टाकं साफ करणाऱ्या एका ग्रुपबरोबर जातो महिन्यातून एकदा. परवानगी घेऊन करतात ते, उगाच कुदळ मारत नाहीत. गाळाची घमेली हातोहात बाहेर द्यायची. माझ्या एका बाजूला एसटीचे ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला १९ वर्षांची आर्किटेक्चरची पोरगी. तिने मला विचारलं, "काका, डिझेल अजून बनतं का?" मी गाळातच बसलो. पण तिथे पोटात गोळा आला नाही हे खरं.

यादी परत केली. ३३ नावं, "मी" आता २१, म्हणजे ६४. नोकरी अजून जुनीच आहे. मेडिकलवाल्याकडे एक मुलाखत झाली, पगार आत्तापेक्षा कमी सांगतायत. जाऊ की नको ते ठरत नाहीये.

तुफान_मेल (शनिवार, रात्री १०.३२)

६५ च्या खाली आलास, पेढे दे 😀 बाय द वे मी माझे मोजले. चार हजारांतले फोन उचलतील असे १९. आणि त्यातले १७ माझ्याच कंपनीतले.

गोदाकाठ (शनिवार, रात्री ११.०५)

डिझेलवाले, ६४ वर खूश होऊ नका. नवी पाच नावं आली त्यातली एक तुम्ही स्वतः केलेली, बाकी चार कुणामार्फत आली ते सांगा. सगळी काकांमार्फतच असतील तर दोरी एकच आहे, आणि काका ६९ चे आहेत.

डिझेलवाला (शनिवार, रात्री ११.१८)

तीन काका, एक मेडिकलवाला. पकडलंत.

अभ्यासिका_४१२ (रविवार, रात्री १२.०९)

मी इथेच आहे अजून, वाचत असतो. मागच्या महिन्यात मेसवाल्या मावशींशी बोललो नीट, सहा वर्षांत पहिल्यांदा. त्यांचा मुलगा जीएसटीचं काम करतो, रिटर्न भरतो दुकानदारांचे. त्याच्याकडे सकाळी दोन तास बसतोय. खोलीवर सांगितलेलं नाही अजून.

लालबागची_पोर (रविवार, सकाळी ९.४०)

सांगू नकोस लगेच. आधी महिनाभर बस.

द्राक्षबाग (रविवार, सकाळी १०.१५)

एक शंका आहे. सासुरवाडीची माणसं "मी" मध्ये धरायची की बायकोने ओळख करून दिली असं?